पैसा आहे, पण पाणी लागतं: इंग्रजी निबंधात वाक्यांचं नातं कसं दाखवायचं

प्रश्न: मॅडम, मी अमळनेरचा. नर्सिंग झालंय, आयईएलटीएस दुसऱ्यांदा देतोय. निबंधात हाउएव्हर, मोअरओव्हर, व्हेअरॅज, नेव्हरदलेस सगळे वापरतो, तरी रायटिंग 6 च्या वर जात नाही. क्लासच्या सरांनी ‘जोडणी यांत्रिक वाटते’ असा शेरा दिला. सरावाचा एक परिच्छेद मराठीत करून देतो, जोडणारे शब्द तसेच ठेवलेत: “खानदेशात केळीला पैसा चांगला मिळतो. हाउएव्हर, तिला वर्षभर पाणी लागतं. मोअरओव्हर, कापूस कोरडवाहू जमिनीतही येतो. व्हेअरॅज, उन्हाळी वादळात केळीच्या बागा आडव्या होतात. नेव्हरदलेस, शेतकरी ठिबक वापरतात.” यात काय चुकतंय? कुठला शब्द कधी घ्यायचा?

उत्तर:

तुमचा परिच्छेद दोनदा वाचला. पाच वाक्यं आधी तयार झाली आणि नंतर चार वाक्यांच्या तोंडाशी एकेक शब्द बसवला गेला, असं तो वाचताना जाणवतं. वाक्यं रांगेत उभी आहेत, पण कोण कोणाचं काय लागतं हे ठरलेलं नाही. या चार शब्दांचं काम तेवढंच आहे. आधीच्या वाक्याशी पुढच्या वाक्याचं नातं काय, हे ते वाचणाऱ्याला सांगतात. नातं ठरायच्या आधी शब्द आला की वाचणारा चुकीच्या दिशेला वळतो आणि पुढचं वाक्य वाचून त्याला मागे यावं लागतं. तुमच्या सरांनी ‘यांत्रिक’ म्हटलं ते यालाच. आयईएलटीएसच्या मोठ्या निबंधाच्या निकषांत 6 बँडच्या वर्णनात हा शब्द आहे. 9 बँडच्या वर्णनाचा आशय असा, की जोडणीकडे वाचणाऱ्याचं लक्ष जवळजवळ जाऊच नये.

जळगावात मी वीसेक वर्षं मुलांचे इंग्रजी निबंध तपासते आहे. या चार शब्दांचा गोंधळ बहुतेक वेळा शब्दकोशापासून सुरू होतो असं मला दिसलं आहे. हाउएव्हरसमोर ‘तथापि’ लिहिलेलं असतं आणि नेव्हरदलेससमोरही ‘तथापि’. मुलं समजतात की दोन्ही एकच, फक्त दुसरा जरा भारदस्त. म्हणून मी मुलांना शब्दांची यादी पाठ करायला देत नाही. वाक्यांमधले सगळे जोडणारे शब्द खोडायला लावते आणि तीच दोन वाक्यं घरच्या बोलीत एका दमात म्हणायला सांगते. मध्ये जो शब्द आपोआप येईल तो खरा. तुमच्या घरी अहिराणी बोलत असतील तर अहिराणीत म्हणा. “पानी उना नही, तरी बी कपाशी चांगली शे.” इथे ‘तरी बी’ आपसूक आलं, कोणी शिकवलं नाही. आपल्या कानाला हे नातं आधीपासून कळतं, फक्त इंग्रजी लिहिताना आपण त्या कानाला विचारत नाही.

आता हाउएव्हर. हा चौघांत सगळ्यात मोकळा आहे. तो एवढंच सांगतो की लिहिणारा आता वळतोय. मराठी व्याकरणात ‘पण’, ‘परंतु’ यांना न्यूनत्वबोधक म्हणतात, म्हणजे आधीच्या वाक्यात काहीतरी उणं राहिलं हे सांगणारे. हाउएव्हरचं काम त्याच जातीचं. मात्र त्यात एक गोष्ट अशी आहे जी मुलांना कोणी सांगत नाही. हाउएव्हरच्या पुढे जे येतं त्याचं वजन जास्त पडतं.

स्थळ पाहून आलेली आत्या म्हणते, “मुलगा चांगला आहे, पण जमीन कमी आहे.” घरच्यांना कळतं, हे स्थळ काही जमत नाही. तीच आत्या म्हणाली, “जमीन कमी आहे, पण मुलगा चांगला आहे,” तर पत्रिका मागवायची तयारी सुरू होते. माहिती तीच, मागेपुढे झाली आणि निर्णय फिरला. तुम्ही लिहिलंत की केळीला पैसा आहे, हाउएव्हर पाणी लागतं. म्हणजे तुमचा निबंध आता केळीच्या अडचणींकडे निघाला. तुम्हाला शेवटी केळीच्या बाजूनं बोलायचं असेल तर कुठेतरी पुन्हा वळावं लागेल, आणि ते वळण कशानं घ्यायचं हा पुढचा प्रश्न आहे.

हाउएव्हर वाक्यात कुठे ठेवायचा हेही मराठीतूनच उमगतं. आपण म्हणतो, “कपाशीला पाणी कमी लागतं. केळीला मात्र वर्षभर लागतं.” ‘मात्र’ वाक्याच्या तोंडाशी नाही, ‘केळीला’ या शब्दामागे उभा आहे. त्यामुळे फरक नेमका केळीवर पडतो. इंग्रजीतही तसंच करता येतं: “बनानाज, हाउएव्हर, नीड वॉटर ऑल इयर.” दोन्ही बाजूंना स्वल्पविराम. चार वाक्यांच्या तोंडाशी चार शब्द असण्यापेक्षा एखादा असा आत गेला की परिच्छेद लगेच बोलल्यासारखा होतो. वाक्याच्या सुरुवातीला हाउएव्हर चुकीचा असं काही जुन्या अमेरिकी लेखनपुस्तकांत सापडेल. आज तो आग्रह कोणी फारसा धरत नाही. परीक्षेत सुरुवातीला बिनधास्त लिहा, फक्त त्याच्या पुढे स्वल्पविराम द्या.

स्वल्पविरामाचं म्हणाल तर सगळ्यात जास्त लाल शाई इथे जाते. “केळीला पैसा मिळतो, हाउएव्हर पाणी लागतं” असं एका स्वल्पविरामावर दोन वाक्यं बांधली की इंग्रजीत ती चूक धरतात. ‘बट’ असता तर चाललं असतं. मुलं विचारतात, दोन्हींचा अर्थ ‘पण’, मग एकाला सूट का? उत्तर हलवून बघण्यात आहे. हाउएव्हर वाक्यात मध्ये सरकतो, शेवटीही जातो, वाक्य मोडत नाही. ‘बट’ जागचा हलवता येत नाही. जो शब्द असा सरकतो तो क्रियाविशेषण आहे, आपल्याच वाक्यात राहतो. दोन वाक्यांना गाठ मारायची ताकद त्याच्यात नाही. म्हणून त्याच्या आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम हवा. मोअरओव्हर आणि नेव्हरदलेस याच घरातले. व्हेअरॅज मात्र बटसारखा गाठ मारणारा आहे, आणि तुमच्या परिच्छेदातली व्याकरणाची चूक तिथेच झाली. त्याकडे येते.

त्याआधी एक सावधगिरी. हाउएव्हरचा दुसरा अर्थ ‘कितीही’ असा आहे. “कितीही कष्ट केले तरी” याला “हाउएव्हर हार्ड यू वर्क” म्हणतात. तिथे त्याच्यापुढे स्वल्पविराम येत नाही. सवयीनं दिला तर अर्थच मोडतो.

नेव्हरदलेसची मागणी हाउएव्हरपेक्षा जास्त आहे. नुसती दोन वेगळी वाक्यं त्याला पुरत नाहीत. पहिलं वाक्य असं हवं की ते ऐकून माणसानं पुढचा एक अंदाज बांधला पाहिजे, आणि दुसऱ्या वाक्यानं तो अंदाज खोटा ठरवला पाहिजे. शब्दाचे तुकडे पाडले तरी दिसतं: नेव्हर, द, लेस. आधी सांगितलेल्या गोष्टीनं माझं पुढचं म्हणणं काही कमी होत नाही. म्हणजे लिहिणारा अडचण कबूल करतो, तिला नाकारत नाही, आणि तरीही आपल्या मताला धरून राहतो.

हे तपासायला मी मुलांना ‘म्हणून’ वापरायला लावते. पहिल्या वाक्यापुढे ‘म्हणून’ लिहा आणि साध्या माणसाला जे वाटेल ते पूर्ण करा. “पाऊस आला नाही, म्हणून कपाशी वाळली.” हा अंदाज. आता खरं दुसरं वाक्य बघा: कपाशी चांगली आहे. अंदाज मोडला, नेव्हरदलेस बसला. दुसरी जोडी घ्या. “केळीला पाणी जास्त लागतं, म्हणून…” पुढे कापसाबद्दल काय येणार? काहीच येत नाही. अंदाजच नाही तर मोडणार काय? तिथे नेव्हरदलेस लिहिला की वाचणारा नसलेला विरोध शोधत बसतो.

यातून एक सोय होते. नेव्हरदलेसच्या जागी हाउएव्हर टाकला तर बहुतेक वेळा चालून जातं. हाउएव्हरच्या जागी नेव्हरदलेस प्रत्येक वेळी चालत नाही. परीक्षेत घड्याळ बघत लिहिताना शंका आली तर हाउएव्हर घ्या. पण एकाच परिच्छेदात दोनदा घेऊ नका. एकदा वळलात, पुन्हा वळलात, आणि दोन्ही वेळा पाटी तीच असली तर वाचणाऱ्याला कळत नाही की तुम्ही नव्या रस्त्याला लागलात की आधीच्या रस्त्यावर परत आलात. परत येण्यासाठी नेव्हरदलेस फार उपयोगी पडतो. कारण तो सांगतो की मधल्या अडचणी ऐकून झाल्या, आता मूळ मुद्द्याकडे या.

व्हेअरॅज वेगळाच प्राणी आहे. त्याला ना अंदाज लागतो, ना वळण. तो दोन गोष्टी शेजारी ठेवतो आणि फरक दाखवतो. मराठीत हे काम ‘तर’ करतो: “केळी वर्षभर पाणी मागते, तर कपाशी पावसावर येते.” आपला हा ‘तर’ एका वाक्याच्या पोटात असतो, व्हेअरॅजही तसाच. व्हेअरॅज असलेला तुकडा एकटा उभा राहू शकत नाही, त्याला जोडीदार वाक्य त्याच पूर्णविरामाच्या आत लागतं. “पूर्णविराम, मग व्हेअरॅज, मग स्वल्पविराम” असं तुम्ही केलंत, कारण बाकी तिघांचा साचा तुम्ही यालाही लावला. व्हेअरॅजनं वाक्य सुरू करता येतं, पण तेव्हाही दोन्ही बाजू त्याच वाक्यात यायला हव्यात, आणि त्याच्या लगेच पुढे स्वल्पविराम येत नाही.

दुसरी अट अशी की दोन्ही बाजू एकाच मापानं मोजलेल्या हव्यात. पाणी असेल तर दोन्हीकडे पाणी, खर्च असेल तर दोन्हीकडे खर्च. इथे मराठी कधीकधी आपल्याला फसवते. एका मुलीनं लिहिलं होतं की केळीला पाणी लागतं, व्हेअरॅज कापसाला बोंडअळी लागते. मराठीत ऐकायला झकास, कारण ‘लागणे’ दोन्हीकडे आहे. इंग्रजीत पहिलं ‘नीड’ झालं आणि दुसऱ्याला कीड पडण्याचं क्रियापद घ्यावं लागलं. मग लक्षात आलं की एका बाजूला पिकाची गरज आहे आणि दुसऱ्या बाजूला पिकाचा रोग. ही तुलनाच नाही. तिनं ते बदलून दोन्हीकडे पाण्याचीच गोष्ट केली आणि वाक्य सरळ झालं.

तुम्हाला पुढे नोकरीचे करार किंवा व्हिसाची कागदपत्रं वाचावी लागतील, म्हणून हेही सांगते. कायद्याच्या इंग्रजीत परिच्छेदाच्या सुरुवातीला व्हेअरॅज दिसेल. तो ‘तर’ नाही, तो आपल्या कोर्टकचेरीच्या मराठीतला ‘ज्याअर्थी’ आहे. संयुक्त राष्ट्रांनी 1948 साली मानवी हक्कांचा जाहीरनामा केला, त्याच्या सुरुवातीचे परिच्छेद याच शब्दानं सुरू होतात. तसं निबंधात करू नका.

मोअरओव्हरचं फार नाही, पण एक खूण लक्षात ठेवा. त्याला ‘शिवाय’ म्हणतात हे खरं, तरी आपला शिवाय फार सैल आहे. बाजारातून आलो की म्हणतो, भरताची वांगी आणली, शिवाय कोथिंबीर आणली. तिथे मोअरओव्हर नाही बसत, साधा ‘ऑल्सो’ किंवा ‘अँड’ पुरे. मोअरओव्हर लागतो तो युक्तिवादात. एक कारण दिलं, आता त्याच म्हणण्याला दुसरं कारण देतोय, आणि ते पहिल्यापेक्षा हलकं नाही. म्हणून विचारायचं: ही दोन्ही वाक्यं कुठल्या एका म्हणण्याला टेकू देतात? ते म्हणणं एका ओळीत सांगता आलं तर मोअरओव्हर ठेवा. नाही सांगता आलं तर शब्द खोडा.

आता हे सगळं तुमच्या परिच्छेदाला लावू.

पहिलं आणि दुसरं वाक्य: पैसा आहे, पाणी लागतं. वळण आहे, हाउएव्हर बरोबर. तुमचा हा शब्द ठेवायचा.

दुसरं आणि तिसरं: केळीला पाणी, कापूस कोरडवाहू. ही दोन्ही कुठल्या एका म्हणण्याला टेकू देतात? कुठल्याच नाही, ही पाण्याच्या मापावर दोन पिकांची तुलना आहे. म्हणून मोअरओव्हर जातो, व्हेअरॅज येतो, आणि दोन्ही वाक्यं एका वाक्यात जातात.

तिसरं आणि चौथं: कापूस कोरडवाहू येतो, केळीच्या बागा वादळात पडतात. एकीकडे पाणी, दुसरीकडे वादळ. माप एक नाही, म्हणून व्हेअरॅज नाही. नीट बघितलं तर वादळाच्या वाक्याचं कापसाशी काही नातंच नाही. ते पाण्याच्या वाक्याचं भावंड आहे: दोन्ही केळीच्या अडचणी. मोअरओव्हरची खरी जागा इथे.

चौथं आणि पाचवं: ‘म्हणून’ लावून बघा. “वादळात बागा आडव्या होतात, म्हणून शेतकरी ठिबक वापरत नाहीत.” असा अंदाज कोणी बांधत नाही, वादळाचा आणि ठिबकचा संबंध काय? म्हणजे नेव्हरदलेस इथे लटकतोय. आता अडचणींवरून खरा अंदाज बांधा: “पाणी लागतं, वादळाची भीती आहे, म्हणून शेतकरी केळी सोडून देईल.” आणि खरी गोष्ट काय? रावेर-यावलकडे ज्याच्या विहिरीला पाणी आहे तो केळी सोडत नाही. हे वाक्य तुमच्या मनात होतं, कागदावर आलं नाही. ठिबक हे त्याचं एक कारण, ते त्याच वाक्यात ‘कारण’ म्हणून जोडायचं.

नवा परिच्छेद असा होईल:

“खानदेशात केळीला पैसा चांगला मिळतो. हाउएव्हर, तिला वर्षभर पाणी लागतं, व्हेअरॅज कापूस कोरडवाहू जमिनीतही येतो. मोअरओव्हर, उन्हाळी वादळात उभी बाग एका रात्रीत आडवी होते. नेव्हरदलेस, ज्याच्या विहिरीला पाणी आहे तो शेतकरी केळी सोडत नाही, कारण ठिबकमुळे थोड्या पाण्यात जास्त क्षेत्र भिजतं.”

नाती आता बरोबर आहेत. तरी चार वाक्यांत चार शब्द मला जास्त वाटतात. प्रत्येक शब्द झाकून बघा. मोअरओव्हर झाकला तरी वादळ ही दुसरी अडचण आहे हे वाचणाऱ्याला कळतंच, म्हणून तो मी काढेन. हवं तर त्या वाक्याची सुरुवात ‘वादळांचीही भीती असते’ अशी करा, ‘ही’ एवढा प्रत्यय शिवायचं काम करतो. इंग्रजीत तिथे ‘ऑल्सो’ पुरतो. व्हेअरॅज काढता येणार नाही, तोच दोन पिकांना एकत्र धरून आहे. नेव्हरदलेस झाकला तर शेवटचं वाक्य आधीच्या दोन अडचणींशी भांडल्यासारखं वाटतं, म्हणून तो हवाच. राहिला हाउएव्हर. तो मी दुसऱ्या वाक्याच्या तोंडावरून उचलून ‘तिला’च्या मागे ठेवेन, मात्रसारखा.

किती शब्द असावेत याला आकडा नाही, ते विषयावर आणि लिखाणाच्या जातीवर ठरतं. दोन बाजू मांडायच्या निबंधात वळणं जास्त येतात, एखाद्या प्रश्नाची कारणं सांगायची असतील तर कमी. रुग्णाच्या नोंदी इंग्रजीत लिहिताना तुम्हाला नेव्हरदलेसची गरज बहुधा पडणारच नाही, तिथे साधा ‘बट’ उत्तम. आयईएलटीएसच्या निबंधाला 40 मिनिटं आणि किमान 250 शब्द असतात. त्यातली पहिली पाच मिनिटं मी मुलांना मुद्दे मराठीत लिहायला देते, एकाखाली एक, आणि दोन मुद्द्यांच्या मधल्या जागेत फक्त ‘मात्र’, ‘शिवाय’, ‘तर’, ‘तरीही’ यांपैकी एक किंवा रिकामी जागा. रिकामी जागा राहिली तर ती रिकामीच ठेवायची. तुमचे मागचे दोन निबंध असतील तर त्यांतले हे चार शब्द पेन्सिलनं खोडून वाक्यं पुन्हा जोडून बघा. एखाद्या जोडीत अडलात तर ती दोन वाक्यं इथे लिहा, मी बघते.